रविवारचा प्लॅनर की सोमवारचा? आठवडा मांडायच्या आधी एवढं बघून घ्या

पहिल्यांदा प्लॅनर घ्यायला गेलं की सगळे कागद बघतात, कव्हर बघतात, आणि आठवडा कुठून सुरू होतो ते घरी येऊन उघडल्यावर लक्षात येतं. एकात डावीकडे पहिला रविवार, दुसऱ्यात सोमवार. वार तर सातच, मग काय एवढं, असं वाटतं. पण पहिला वार बदलला की सुट्टीचे दोन दिवस एकत्र राहतात की दोन टोकांना जातात हे बदलतं, रोजच्या बॉक्सची उंची बदलते, महिन्याच्या पानावर ओळी चार होणार की सहा हे बदलतं, आणि "एक आठवडाआड" असं ठरवलेल्या कामाच्या तारखासुद्धा बदलतात. हा लेख नव्याने प्लॅनर घेणाऱ्यांसाठी किंवा स्वतःच पानं आखणाऱ्यांसाठी आहे.

आधी दोन पद्धती आल्या कुठून ते पटकन. रविवारपासून मोजणं ही जुनी ज्यू आणि ख्रिश्चन परंपरा, त्यात शनिवार हा सातवा, विश्रांतीचा दिवस, म्हणून रविवार आपोआप पहिला. अमेरिका, कॅनडा, जपान, ब्राझील अशा बऱ्याच देशांतली भिंतीवरची कॅलेंडरं अजून तशीच छापतात. सोमवारची पद्धत कामाच्या आठवड्यातून आली, पाच दिवस काम आणि मग शनिवार-रविवार जोडून सुट्टी हे पक्कं झाल्यावर ती जोडी शेवटी ठेवणं सगळ्यांना सोयीचं वाटायला लागलं. तारखा लिहिण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१, १९८८ मध्ये आलेलं, त्यातही सोमवारच पहिला धरलाय आणि युरोपात बहुतेक ठिकाणी हेच चालतं. म्हणजे एक मोजणी विश्रांतीच्या वारावरून ठरली आणि दुसरी ऑफिसच्या सोयीवरून, यात बरोबर-चूक काही नाही. प्रश्न एवढाच की तुमच्या कामाला कुठली बसते.

पायरी १: तुमची सुट्टी कुठे पडते ते बघा

कोरा कागद घ्या आणि सात वार एका ओळीत लिहा, सुट्टीच्या वारांना गोल करा. आता ओळ अशी फिरवा की गोल केलेले वार एकमेकांना चिकटून शेवटी येतील. त्यानंतर जो वार पहिला येतो तो तुमच्यासाठी सोयीचा.

शनिवार-रविवार सुट्टी असेल तर उत्तर सोमवार. शुक्रवार-शनिवार असेल, इस्राएलमध्ये असते तशी, तर उत्तर रविवार, आणि तिथे रविवारचा प्लॅनर अगदी तेच काम करतो जे इतरांसाठी सोमवारचा करतो. त्यामुळे "सोमवारचा लेआउट जास्त प्रोफेशनल" वगैरे जे बोलतात त्याकडे लक्ष देऊ नका.

आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे तुम्ही आठवड्याचं प्लॅनिंग करता कधी. रविवारी बसून पुढचे दिवस आखणाऱ्यांना रविवारचा प्लॅनर बरा पडतो कारण तो रविवार आणि पुढचे सहा दिवस एकाच उघडलेल्या पानावर दिसतात. सोमवारच्या प्लॅनरमध्ये हेच काम करताना रविवार मागच्या पानाच्या तळाशी असतो आणि ज्या आठवड्याबद्दल विचार चाललाय तो पान उलटल्यावर, मग सारखं मागे-पुढे करावं लागतं. उलट शनिवार-रविवार मिळून एखादं मोठं काम करणाऱ्यांना, म्हणजे प्रवास, घर आवरणं, दोन दिवसांचं वर्कशॉप, रविवारचा प्लॅनर वैताग देतो, शनिवार या पानावर खाली उजवीकडे आणि रविवार पुढच्या पानावर वर डावीकडे. हे दोन्ही लागू होत असतील तर माझं मत विचाराल तर दुसऱ्याला जास्त वजन द्या, कारण प्लॅनिंगला पान एकदाच उलटायचंय पण सुट्टीच्या दोन दिवसांत ते सारखं उलटावं लागेल.

पायरी २: समोरासमोरच्या दोन पानांवर जागा वाटून बघा

इथे खरी गंमत आहे, आणि विकत घेताना बहुतेक लोक हेच बघत नाहीत.

साधा ए५ प्लॅनर धरू, पान १४८ बाय २१० मिमी. आडवे बॉक्स एकाखाली एक, आठवडा दोन पानांवर. वर १५ मिमी शीर्षकाला, खाली ६ मिमी समास सोडला तर उरते १८९ मिमी उंची.

सोमवारपासून सुरू केलं आणि शनिवार-रविवारला अर्धे बॉक्स दिले तर हिशोब सुरेख बसतो. पाच पूर्ण आणि दोन अर्धे, एकूण सहा भाग, प्रत्येक पानावर तीन. डावीकडे सोमवार, मंगळवार, बुधवार. उजवीकडे गुरुवार, शुक्रवार आणि मग शनिवार-रविवार मिळून एक भाग. पूर्ण बॉक्स ६३ मिमी, अर्धा ३१.५ मिमी. ओळीतलं अंतर ६ मिमी ठेवलं तर कामाच्या दिवसाला दहा ओळी आणि सुट्टीच्या दिवसाला पाच.

आता तेच रविवारपासून करून बघा. डावीकडे रविवार अर्धा, मग सोमवार, मंगळवार, झाले अडीच भाग. उरला अर्धा भाग, त्यात बुधवार मावत नाही. बुधवार उजवीकडे ढकलला तर तिथे बुधवार, गुरुवार, शुक्रवार मिळून तीन भाग भरले आणि शनिवारला जागाच नाही. म्हणजे सहा भागांचं गणित मोडलं. मग दोनच वाटा. एक म्हणजे प्रत्येक पान साडेतीन भागांचं करायचं, डावीकडे अर्धा रविवार आणि सोमवार ते बुधवार, उजवीकडे गुरुवार, शुक्रवार, अर्धा शनिवार, आणि खाली एक पूर्ण भाग मोकळा राहतो तो नोंदींना. बॉक्स होतो १८९ भागिले साडेतीन, म्हणजे ५४ मिमी, नऊ ओळी, आणि अर्धा २७ मिमी, जेमतेम चार. रोजची एक ओळ गेली पण नोंदींचा चौकोन मिळाला. दुसरी वाट म्हणजे सुट्टीचे बॉक्स अर्धे करायचेच नाहीत, सातही दिवसांना आणि नोंदींना सारखी जागा द्यायची, चार अधिक चार. मग प्रत्येक बॉक्स ४७ मिमीच्या आसपास, सात ओळी.

रविवारच्या प्लॅनरमध्ये "नोट्स" किंवा "या आठवड्यातलं महत्त्वाचं" असा बॉक्स उजवीकडे खाली बऱ्याचदा दिसतो, त्यामागे हा हिशोब असू शकतो, भाग समान वाटले जात नाहीत म्हणून उरलेल्या जागेला काहीतरी नाव द्यावं लागतं. तो बॉक्स तुम्ही वापरणार असाल तर मस्त, नसाल तर तुम्ही रोजची एक ओळ उगाच घालवताय.

दुकानात ओळखायचं कसं? आठवड्याचं पान उघडा आणि बुधवारच्या बॉक्समधल्या ओळी मोजा, मग शनिवारच्या. आठ-नऊच्या खाली बुधवार असेल आणि तुम्हाला दिवसाला दहा-बारा कामं लिहायची सवय असेल तर तो तुमचा नाही, आठवडा कुठूनही सुरू होवो.

उभे रकाने असलेल्या प्लॅनरमध्ये, ज्यात तासांप्रमाणे लिहितात, ही भानगड फार नाही. शिलाईकडे १८ मिमी आणि बाहेर १० मिमी सोडले तर पानाला १२० मिमी रुंदी उरते, त्यात ३० मिमीचे चार रकाने, दोन पानांवर आठ. सात वारांचे आणि एक नोंदींचा. सोमवारचा असेल तर नोंदींचा रकाना अगदी डावीकडे ठेवा, रविवारचा असेल तर अगदी उजवीकडे. दोन्हीत मधली घडी बुधवार आणि गुरुवार यांच्यामध्येच येते. म्हणून एका पद्धतीची सवय असताना दुसरी वापरावी लागणार असेल तर उभा लेआउट घ्या, बदल सगळ्यात कमी जाणवतो.

पायरी ३: महिन्याच्या पानावर ओळी मोजा

आठवड्याच्या पानांइतकंच महिन्याचं पान बदलतं, आणि इथे कधी रविवारची पद्धत जिंकते कधी सोमवारची.

२०२६ चा फेब्रुवारी घ्या. १ तारीख रविवारी, दिवस २८. रविवारपासून मांडला तर बरोबर चार ओळी, एकही रिकामी चौकट नाही. सोमवारपासून मांडला तर १ तारीख एकटीच पहिल्या ओळीच्या शेवटच्या चौकटीत आणि ओळी होतात पाच. लगेच पुढचा मार्च, तोही रविवारीच सुरू होतो पण ३१ दिवसांचा. रविवारच्या मांडणीत पाच ओळी, सोमवारच्या मांडणीत सहा: १ तारीख वर एकटी, ३० आणि ३१ खाली. आणि मे मध्ये सगळं उलटं होतं, १ तारीख शुक्रवारी, तर रविवारच्या मांडणीत ३१ तारीख सहाव्या ओळीत एकटी पडते, सोमवारच्या मांडणीत पाच ओळींत सगळं आटोपतं. ऑगस्ट शनिवारी सुरू होतो, तो दोघांनाही सहा ओळी लावतो.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. रविवारच्या मांडणीत ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला, किंवा ३० दिवसांचा शनिवारी, तर सहा ओळी लागतात. सोमवारच्या मांडणीत हेच वार एकेक पुढे सरकवा: ३१ चा महिना शनिवारी किंवा रविवारी, ३० चा रविवारी.

हे का बघायचं, कारण छपाईवाले बऱ्याचदा पाचच ओळी आखतात आणि सहाव्या ओळीतल्या तारखा पाचवीत कोंबतात, एका चौकटीला तिरकी रेघ मारून वर २४ खाली ३१ असं. त्या अर्ध्या चौकटीत मग काही लिहिता येत नाही. घेताना रविवारच्या प्लॅनरमध्ये मे २०२६ आणि सोमवारच्या प्लॅनरमध्ये मार्च २०२६ उघडून बघा, तिथे लगेच कळतं. स्वतः आखत असाल तर सरळ सहा ओळीच आखा. १८० मिमी उंचीत पाच ओळी म्हणजे ३६ मिमीची चौकट, सहा म्हणजे ३० मिमीची, ६ मिमी कमी होतात पण वर्षभर सगळी पानं सारखी राहतात.

पायरी ४: स्वतः बनवताना तारखा स्प्रेडशीटकडून काढा

हाताने तारखा लिहीत बसू नका, मधे एक चुकली की पुढची सगळी सरकतात. A1 मध्ये आठवड्यातली कुठलीही तारीख टाका आणि आठवड्याचा पहिला दिवस असा काढा, पहिलं सूत्र रविवारसाठी, दुसरं सोमवारसाठी:

```
=A1-WEEKDAY(A1,1)+1
=A1-WEEKDAY(A1,2)+1
```

उत्तर मिळालं की शेजारच्या सहा चौकटींत आधीच्या चौकटीत १ मिळवत जा, आठवडा तयार.

तपासायला मुद्दाम रविवारचीच तारीख टाका. १५ मार्च २०२६ टाकली तर पहिलं सूत्र १५ मार्चच देतं कारण आठवडा तिथूनच सुरू, दुसरं ९ मार्च देतं कारण त्या हिशोबाने हा रविवार आठवड्याचा शेवट आहे. दोन्ही सूत्रांचं उत्तर वेगळं यायलाच हवं. पण दुसऱ्या सूत्रात ९ मार्चऐवजी दुसरंच काही आलं तर समजा की कंसातला आकडा गडबडलाय किंवा शेवटचा +१ दोनदा पडलाय. मंगळवार-बुधवारची तारीख टाकून बघितलं तर उत्तरात फक्त एका दिवसाचा फरक दिसतो आणि चूक पटकन डोळ्यात भरत नाही, म्हणून रविवार.

आठवड्याचे नंबर टाकायचे असतील तर तिथेही दोन पद्धती आहेत आणि त्या मिसळल्या की गोंधळ पक्का. आयएसओ पद्धतीत ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. अमेरिकेत चालणाऱ्या पद्धतीत ज्यात १ जानेवारी येते तो पहिला, आणि आठवडा रविवारपासून. सूत्रं अनुक्रमे अशी:

```
=ISOWEEKNUM(A1)
=WEEKNUM(A1,1)
```

२०२६ मध्ये रविवार सोडले तर दोन्ही नंबर जुळतात, त्यामुळे कोणाला काही जाणवत नाही. २०२७ मध्ये १ जानेवारी शुक्रवारी येते आणि तिथे फाटा फुटतो: ५ जानेवारी २०२७ ही आयएसओप्रमाणे पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या पद्धतीने दुसऱ्या आठवड्यात, आणि हा फरक वर्षभर तसाच राहतो, सोमवार ते शनिवार एकाचा आणि रविवारी तर दोनाचा. "आपण सातव्या आठवड्यात भेटू" असं कोणी म्हणालं तर नंबर लिहून घेऊ नका, तारीख विचारा.

पायरी ५: "एक आठवडाआड" वाली कामं तारखेने लिहा

ही अडचण सगळ्यात उशिरा कळते म्हणून नीट सांगते.

समजा एक क्लास आहे, एक आठवडाआड, मंगळवारी आणि रविवारी, सुरुवात मंगळवार ३ मार्च २०२६. सोमवारच्या प्लॅनरमध्ये हा आठवडा २ ते ८ मार्च, त्यात मंगळवार ३ आणि रविवार ८. पुढचा आठवडा सुट्टी, मग १६ ते २२, त्यात मंगळवार १७ आणि रविवार २२. आता रविवारचा प्लॅनर उघडा. पहिला आठवडा १ ते ७ मार्च, त्यात मंगळवार ३ आला पण त्याचा रविवार, म्हणजे १ तारीख, सुरुवातीच्या आधीच होऊन गेला. पुढचा आठवडा सुट्टी, मग १५ ते २१, त्यात रविवार १५ आणि मंगळवार १७. मग २९ मार्च आणि ३१ मार्च.

मंगळवार दोघांचेही जुळतात, ३, १७, ३१. पण रविवार एकाचे ८ आणि २२, दुसऱ्याचे १५ आणि २९. शिकवणारी एक प्लॅनर वापरतेय आणि शिकणारा दुसरा, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असून रविवारी एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. डिजिटल कॅलेंडरांच्या फाइल फॉरमॅटमध्ये तर यासाठी WKST नावाची वेगळी नोंदच आहे, आठवडा कुठल्या वारापासून धरायचा ते सांगणारी, कारण त्याशिवाय असल्या नियमाचं उत्तर एक येतच नाही. कागदावर अशी नोंद नसते. म्हणून असं काम आलं की नियम न लिहिता पुढच्या चार-पाच तारखा काढून समोरच्याला विचारून घ्यायच्या. एकाच वाराचं काम असेल, नुसतं मंगळवारचं, तर ही अडचण येत नाही.

पायरी ६: फोन आणि कागद एकाच वारावर आणा

डोळा वाराचं नाव वाचत नाही, जागा वाचतो. रविवारच्या मांडणीत मंगळवार तिसऱ्या रकान्यात असतो, सोमवारच्या मांडणीत तिसऱ्या रकान्यात बुधवार. फोनवर एक आणि हातात दुसरं असेल तर उतरवून घेताना गोष्टी एका दिवसाने सरकतात आणि तेही नेमाने एकाच दिशेने. तुमच्या नोंदी सारख्या बरोबर एक दिवस आधी किंवा नंतर पडत असतील तर विसराळूपणाला दोष द्यायच्या आधी हे तपासा. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये Start week on म्हणून पर्याय आहे, तिथे शनिवार, रविवार, सोमवार यातला एक निवडता येतो. कागद बदलता येत नाही तेव्हा फोन बदला.

प्लॅनरच्या आतही एक जागा बघायची: आठवड्याच्या पानावर कोपऱ्यात जे छोटं महिन्याचं कॅलेंडर असतं ते. मोठी पानं सोमवारपासून आणि हे छोटं रविवारपासून असे प्रकार सापडतात. असं असेल तर त्या छोट्या कॅलेंडरात रविवारच्या रकान्यावर रंगीत पेनने उभी रेघ ओढून ठेवा, डोळ्याला खूण मिळते.

पायरी ७: एका पद्धतीवरून दुसरीवर जाताना मधला रविवार सांभाळा

रविवारच्या जुन्या प्लॅनरचा शेवटचा आठवडा शनिवारी १४ मार्चला संपला आणि सोमवारच्या नव्याचा पहिला आठवडा १६ मार्चपासून असेल तर रविवार १५ मार्चला कुठेच जागा नाही. त्या दिवसाची कामं नव्या प्लॅनरच्या आधीच्या कोऱ्या पानावर लिहा किंवा चिकट चिठ्ठीवर लिहून सोमवारच्या वर लावा. उलट दिशेने गेलात तर तोच रविवार दोनदा येतो, जुन्याच्या शेवटी आणि नव्याच्या सुरुवातीला. तिथे जुन्या बॉक्सवर फुली मारून टाका आणि फक्त नवा वापरा, नाहीतर अर्ध्या गोष्टी इथे अर्ध्या तिथे होतात. आणि पहिले काही आठवडे तरी, रोजच्या बॉक्समध्ये काही लिहिण्याआधी, वार आणि तारीख दोन्ही बोट ठेवून वाचा.